न जाणवणारा बदल: ध्यानासाठीच्या संथ वाद्यरचनेची घडण

ध्यानाच्या वेळी लावायची वाद्यरचना जमली आहे की नाही, हे ठरवण्यासाठी मी दोन कसोट्या लावतो. पहिल्या कसोटीत रचनेतले कोणतेही अर्धे मिनिट डोळे मिटून ऐकायचे. त्या अर्ध्या मिनिटात ‘आता काहीतरी बदलले’ असे एकदाही वाटता कामा नये. दुसऱ्या कसोटीत तिसऱ्या मिनिटातले पाच सेकंद ऐकायचे आणि लगेच तेराव्या मिनिटातले पाच सेकंद ऐकायचे. हे दोन तुकडे एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे वाटले पाहिजेत. पहिल्या कसोटीत नापास झालेली रचना ऐकणाऱ्याला वारंवार ध्यानातून बाहेर ओढते. दुसऱ्या कसोटीत नापास झालेली रचना म्हणजे यंत्राची घरघर असते. काही मिनिटांत कान तिच्याकडे पाठ फिरवतो आणि मन पुन्हा आपल्या विचारांकडे वळते. या दोन्ही कसोट्या एकाच वेळी कशा पार करायच्या, हे वीस मिनिटांच्या एका रचनेच्या आधाराने या लेखात समजून घेऊ.

हे शक्य होते ते आपल्या कानाच्या एका सवयीमुळे. कान कड चटकन पकडतो, उतार पकडत नाही. दार आपटले, सूर अचानक सुरू झाला किंवा तुटला, तर लक्ष तत्काळ तिकडे जाते. मात्र तोच आवाज एका मिनिटात हळूहळू निम्म्यावर आला, तर बदल होत असताना तो कळतच नाही. दोन आवाज लागोपाठ ऐकवले, तर पातळीतला साधारण १ डेसिबलचा फरक आपल्याला ओळखता येतो. पण ६ डेसिबलचा फरक पूर्ण मिनिटभर पसरवला, तर तो सहसा निसटून जातो, कारण तुलना करायला आधीचा आवाज कानात ताजा उरलेला नसतो. म्हणून या प्रकारच्या रचनेतला प्रत्येक निर्णय ‘काय बदलायचे’ यापेक्षा ‘किती वेळात बदलायचे’ या प्रश्नाशी अधिक बांधलेला असतो.

या रचनेचा मुख्य आवाज म्हणजे पॅड. सिंथेसायझरवर हळू उमलणारा, लांब टिकणारा आणि हळू विरणारा, आघात नसलेला मऊ आवाज म्हणजे पॅड, एवढी ओळख येथे पुरेशी आहे. त्याखाली एक अखंड खर्ज आणि भोवती धुक्यासारखा पसरलेला एक पोत असेल. ताल नाही, ओळखता येईल अशी चालही नाही.

स्वर आधी, आवाज नंतर

पुष्कळ जण सुंदर पॅड शोधण्यापासून सुरुवात करतात. मला ती उलटी वाट वाटते, कारण अशा रचनेत स्वर एकमेकांत मिसळणार, हे आधीपासून ठरलेले असते. एक स्वर विरायला चौदा सेकंद घेतो, त्याचा घुमारा आणखी नऊ सेकंद रेंगाळतो आणि तेवढ्यात दुसरा स्वर आलेला असतो. म्हणून असेच स्वर निवडावे लागतात, ज्यांतले कोणतेही दोन एकाच वेळी वाजले तरी खटकणार नाहीत. लगतच्या अर्ध्या स्वराच्या जोड्या, म्हणजे शुद्ध गांधार आणि शुद्ध मध्यम किंवा शुद्ध निषाद आणि वरचा षड्ज, येथे टाळाव्यात. भूपाचे पाच स्वर, म्हणजे सा, रे, ग, प आणि ध, या अटीत अगदी सहज बसतात. आपल्या उदाहरणासाठी त्यांतले चारच घेऊ: सा, प, रे आणि ग.

षड्ज पांढरी दोन धरू. खर्जाचा षड्ज ७३.४ हर्ट्झवर येतो, त्याच्या वरचा षड्ज १४६.८ वर, त्यानंतरचा पंचम २२० वर आणि त्याहून वरच्या सप्तकातले ऋषभ व गांधार अनुक्रमे ३३० आणि ३७० हर्ट्झच्या आसपास येतात. खालच्या भागात एकच स्वर ठेवला आहे आणि वर जाताना स्वर जवळजवळ येत गेले आहेत, हे मुद्दाम केलेले आहे. साधारण १५० हर्ट्झच्या खाली दोन स्वर जवळ आणले की कानाला ते वेगळे करता येत नाहीत आणि नुसती गुरगुर ऐकू येते. खर्जाशेजारी त्याच सप्तकातला गांधार वाजवून पाहिला, तर हे लगेच लक्षात येते.

आता एक बारीक गोष्ट, जी झटपट बदलणाऱ्या संगीतात खपून जाते, पण येथे खपत नाही. कीबोर्डचे स्वर समान अंतरावर बसवलेले असतात आणि नैसर्गिक स्वरांपासून ते थोडे सरकलेले असतात. हे सरकणे सेंट या एककात मोजतात. १०० सेंट म्हणजे एक अर्धा स्वर. कीबोर्डचा पंचम नैसर्गिक पंचमापेक्षा फक्त २ सेंट उतरलेला असतो, ऋषभ ४ सेंट उतरलेला असतो, पण गांधार तब्बल १४ सेंट चढलेला असतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गांधार उमटलेला ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या गांधारातला चढेपणा सांगावा लागत नाही. स्वराच्या कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत त्याच्या आत वाजणारे बारीक स्वर म्हणजे उपस्वर; दुप्पट तो दुसरा, पाचपट तो पाचवा. आपल्या रचनेत मधल्या षड्जाच्या आवाजात दडलेला पाचवा उपस्वर ७३४ हर्ट्झवर असतो, तर कीबोर्डच्या गांधाराचा दुसरा उपस्वर ७४० हर्ट्झवर येतो. हे दोन एकमेकांवर घासतात आणि सेकंदाला जवळपास सहा वेळा थरथर उठते. एखाद्या गाण्यात अर्धा सेकंद टिकणाऱ्या स्वरात ती कळणारही नाही. पंचवीस सेकंद टिकणाऱ्या पॅडमध्ये मात्र सगळी शांतता त्या थरथरीत वाहून जाते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक स्वराला स्वतंत्र ट्रॅक द्यावा आणि त्या ट्रॅकवरच्या सिंथेसायझरचे बारीक सूर जुळवण्याचे बटण, ज्यावर बहुधा `Fine` असे लिहिलेले असते, गांधारासाठी −१४ वर, ऋषभासाठी +४ वर आणि पंचमासाठी +२ वर न्यावे. षड्ज आहे तसाच राहील. पंचमाची दुरुस्ती ऐच्छिक मानली तरी चालेल. न दुरुस्त केलेला पंचम खर्जातल्या तिसऱ्या उपस्वराशी साधारण चार सेकंदांत एक अशी संथ लाट निर्माण करतो आणि काहींना ती आवडते. गांधाराबाबत मात्र मी तडजोड करत नाही.

पॅडच्या आत चालणारी हालचाल

पॅड घडवताना सहसा दोन ऑसिलेटर, म्हणजे मूळ ध्वनिलाट निर्माण करणारे भाग, घेतात आणि त्यांचे सूर एकमेकांपासून किंचित सरकवतात. दोन जवळच्या कंपनसंख्या एकत्र आल्या की आवाज फुगतो आणि ओसरतो. शाळेच्या भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. दर सेकंदाला किती विस्पंद होतील, हे दोन कंपनसंख्यांमधल्या फरकाइतके असते. १४६.८ हर्ट्झच्या षड्जावर दोन ऑसिलेटरमध्ये ४ सेंटचे अंतर ठेवले, तर फरक ०.३४ हर्ट्झ होतो, म्हणजे साधारण तीन सेकंदांत एक लाट येते. संथ श्वासाच्या आत बसणारी ही गती मला योग्य वाटते.

पण हेच ४ सेंट गांधारावर ठेवले, तर लाट सव्वा सेकंदाच्या आतच परत येते, कारण सेंटमधले अंतर तेच असले तरी वर जाताना हर्ट्झमधला फरक वाढत जातो. एकच तयार पॅड सगळ्या स्वरांसाठी वापरला, की वरचे स्वर अस्वस्थ का वाटतात, याचे हे एक मोठे कारण आहे. गांधारावर हे अंतर दीड सेंटपर्यंत कमी केले, की लाट पुन्हा तीन सेकंदांवर येते. अंतर ठेवताना एक ऑसिलेटर जागेवर ठेवून दुसराच सरकवू नये; दोघांना विरुद्ध दिशांना सारखे सरकवावे, म्हणजे षड्जावर +२ आणि −२, नाहीतर वर जुळवलेला सूर पुन्हा बिघडेल. खर्जावर तर दुसरा ऑसिलेटर घेऊच नये. तेथे विस्पंद झाले की सगळ्या रचनेचा पाया हलल्यासारखा वाटतो. एक साधी त्रिकोणी लाट पुरेशी आहे. तिच्यात थोडे उपस्वर असल्याने लहान स्पीकरवरही खर्जाची चाहूल लागते.

दुसरी हालचाल फिल्टरची. वरचे उपस्वर कापणारा लो-पास फिल्टर लावावा आणि त्याची मर्यादा ६०० ते १२०० हर्ट्झ यांच्यामध्ये हळूहळू वर-खाली होऊ द्यावी. या कामासाठी एलएफओ असतो, म्हणजे स्वतः ऐकू न येता दुसऱ्या बटणाला हळू फिरवत राहणारी लाट. त्याची गती `0.01 Hz` ठेवली की एक फेरी १०० सेकंदांत पूर्ण होते. अनेक सिंथेसायझरमध्ये एवढी संथ गती मिळत नाही. तेव्हा फिल्टरची मर्यादा ऑटोमेशनच्या, म्हणजे वेळेनुसार बटण आपोआप फिरवणाऱ्या, रेषेने हाताने काढावी. लाट साइन आकाराची असावी. त्रिकोणी लाट टोकाला जाऊन एकदम दिशा बदलते, आणि ते वळण म्हणजे कानासाठी पुन्हा एक कड असते.

येथे एक चूक फार वेळा होते आणि ती पटकन सापडत नाही. अनेक सिंथेसायझरमध्ये प्रत्येक नवा स्वर दाबला की एलएफओ आपली फेरी पहिल्यापासून सुरू करतो. तसे झाले, तर शंभर सेकंदांच्या फेरीतले पहिले वीस-पंचवीस सेकंदच पुन्हा पुन्हा ऐकू येतात आणि प्रत्येक स्वर मागच्या स्वरासारखाच उमलतो. `Retrigger` किंवा तत्सम नावाचा पर्याय बंद केला, की लाट स्वरांची पर्वा न करता स्वतःच्या गतीने चालू राहते आणि प्रत्येक स्वर तिला वेगळ्या ठिकाणी गाठतो. एका बटणाने रचनेत एवढा जीव येताना मी दुसऱ्या कशानेही पाहिलेला नाही.

स्वराचा उमलण्याचा वेळ, म्हणजे अटॅक, सहा सेकंद ठेवू. कळ अकरा सेकंद दाबलेली राहील आणि सोडल्यावर स्वर चौदा सेकंदांत विरेल. असा प्रत्येक स्वर एकूण पंचवीस सेकंद ऐकू येतो. तरीही सूर ‘आला’ हे स्पष्ट कळत असेल, तर अटॅकचा आकार तपासावा. सरळ रेषेत चढणारा अटॅक पहिल्या सेकंदातच पूर्ण पातळीच्या केवळ १६ डेसिबल खाली पोहोचलेला असतो, म्हणजे चढाचा ऐकू येणारा बहुतेक भाग सुरुवातीलाच उरकलेला असतो. आकार बदलण्याची सोय असेल, तर सुरुवातीला सपाट आणि नंतर चढणारा आकार निवडावा. नसेल, तर त्याच सहा सेकंदांत फिल्टरही बंद स्थितीतून हळू उघडावा.

न जुळणारी आवर्तने

मी केलेली पहिली लांब रचना या टप्प्यावर फसली होती. षड्जाचे आवर्तन १६ सेकंदांचे, पंचमाचे २४ आणि ऋषभाचे ३२ सेकंदांचे होते. आकडे नीटनेटके होते, पॅडही चांगला होता. पण चौथ्या-पाचव्या मिनिटापासून पुढे काय येणार, हे कान आधीच सांगू लागला. कारण गणितात होते: १६, २४ आणि ३२ यांचा लघुत्तम साधारण विभाज्य ९६ आहे, त्यामुळे सगळी रचना दर ९६ सेकंदांनी जशीच्या तशी परत येत होती. वीस मिनिटांत तोच तुकडा बारा वेळा वाजत होता.

आवर्तनांच्या लांबीला सामाईक अवयव नसला की हा प्रश्न सुटतो. पंचम २३ सेकंदांनी, षड्ज २९ सेकंदांनी आणि ऋषभ ३७ सेकंदांनी परत येऊ द्यावा. या तिन्ही मूळ संख्या आहेत, त्यामुळे तिघांची मांडणी पुन्हा तंतोतंत तशी यायला २३ × २९ × ३७, म्हणजे २४,६७९ सेकंद लागतात. हे जवळजवळ सहा तास एक्कावन्न मिनिटे होतात. गांधाराला ५३ सेकंदांचे आवर्तन दिले, की हा काळ पंधरा दिवसांवर जातो. साहित्य चार स्वरांचेच आहे आणि प्रत्येक स्वर स्वतःपुरता अगदी यांत्रिकपणे परत येतो. नवेपणा येतो तो त्यांच्या एकमेकांवर पडण्यातून. ब्रायन ईनो यांनी १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मध्ये हेच तत्त्व वापरले आहे, तेथे गायलेले एकेक स्वर वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या वेटोळ्यांवर फिरत राहतात.

संगणकावर हे करायची सोपी युक्ती म्हणजे प्रकल्पाचा टेम्पो ६० ठेवणे. मग एक मात्रा म्हणजे एक सेकंद, आणि पंचमाचा लूप २३ मात्रांचा, षड्जाचा २९ मात्रांचा असा सरळ मोजता येतो. लूपची टोके अर्थात मात्रेला चिकटवायची, चार मात्रांच्या गटाला नाही. लूप ध्वनीचा नको, स्वरांच्या मिडी नोंदीचा, म्हणजे कोणती कळ कधी आणि किती वेळ दाबली याच्या नोंदीचा, असावा. ध्वनिमुद्रित लूपमध्ये आवाजाचा पोतही दर वेळी जसाच्या तसा परत येतो, तर मिडी लूपमध्ये स्वर तोच असला तरी फिल्टर आणि विस्पंद त्याला दर वेळी नव्या ठिकाणी भेटतात.

स्वर पंचवीस सेकंद ऐकू येतो, हे ध्यानात घेतले की आवर्तनांचा आणखी एक परिणाम दिसतो. पंचमाचे आवर्तन त्याहून लहान असल्याने एक पंचम विरत असतानाच दुसरा उमलू लागतो आणि पंचम जवळपास अखंड राहतो. षड्जाच्या दोन आगमनांत चार सेकंदांची उसंत मिळते, ऋषभाच्या बारा, तर गांधाराच्या अठ्ठावीस सेकंदांची. त्यामुळे मधूनमधून अशी जागा आपोआप येते, जेथे खर्ज आणि पंचम एवढेच उरतात. या रिकाम्या जागा भरण्याचा मोह होतो आणि तो आवरावा लागतो, कारण ऐकणाऱ्याचा श्वास तेथेच मोकळा होतो.

एक मर्यादा मात्र आहे. पंचम आणि षड्ज यांची सुरुवात दर ६६७ सेकंदांनी, म्हणजे अकरा मिनिटे सात सेकंदांनी, एकाच क्षणी येतेच. शून्यावर सगळे स्वर एकत्र सुरू केले, तर रचनेची पहिलीच घटना एक मोठा स्वरसमूह असेल आणि अकराव्या मिनिटानंतर तसाच आणखी एक येईल. स्वरांना वेगवेगळ्या वेळी प्रवेश दिला, तर हे योग टळत नाहीत, पण कोठे येणार ते आपल्याला ठरवता येते आणि त्या वेळी एका ट्रॅकची पातळी आधीपासून हळू उतरवून ठेवता येते.

पोत आणि घुमारा

पोतासाठी मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो तो म्हणजे एखादा खरा आवाज अतोनात ताणणे. घंटा, व्हायोलिनचा लांब गज, स्वतः गायलेला ‘आ’कार, यांपैकी कोणताही षड्जावर लागलेला चार सेकंदांचा आवाज घ्यावा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये `Paulstretch` नावाचा परिणाम आहे. त्यात `Stretch Factor` ४५ दिला, की चार सेकंदांचे तीन मिनिटे होतात. हा परिणाम आवाजाच्या छोट्या छोट्या खिडक्या घेतो, प्रत्येक खिडकीतली स्वरांची पातळी तशीच ठेवतो, पण त्यांच्या लाटांची सुरुवात कोठे व्हावी हे यदृच्छेने बदलतो. त्यामुळे आघात पुसले जातात आणि मागे राहतो तो त्या आवाजाचा रंग. खिडकीची लांबी `Time Resolution` ने ठरते. ती ०.२५ सेकंद असताना पोतात बारीक फडफड ऐकू येऊ शकते. मी ती ०.५ ते १ सेकंदाच्या दरम्यान नेतो. त्याहून फार वाढवली, तर मूळ आवाजात घडलेले सगळे बदल एकमेकांत मिसळून पोत सपाट होतो.

मूळ आवाजाचा सूर लागलेला नसेल, तर तो ताणण्याआधीच जुळवावा, कारण ताणल्यावर चूकही तीन मिनिटांची होते. तयार झालेला पोत ३०० हर्ट्झच्या खाली कापावा, पॅडच्या साधारण १० ते १२ डेसिबल खाली ठेवावा आणि त्याचे तुकडे एकमेकांवर वीस-वीस सेकंद चढवून जोडावेत. नुसते टोकाला टोक लावले, तर सांध्यावर खट् असा आवाज येतो. आणि संपूर्ण रचनेत तेवढा एकच खट् पहिल्या कसोटीत नापास व्हायला पुरेसा असतो.

घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, प्रत्येक ट्रॅकवर वेगळा न लावता एकाच ठिकाणी लावून तिकडे सगळ्यांचा थोडाथोडा भाग पाठवावा. त्याचा काळ नऊ सेकंदांच्या आसपास ठीक राहतो. हा काळ म्हणजे आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ. घुमाऱ्यात जाण्याआधी २०० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा आणि खर्ज तिकडे अजिबात पाठवू नये. असे केले नाही, तर पहिले मिनिट सुंदर वाटते आणि चौथ्या-पाचव्या मिनिटात आवाज जाड, बंद खोलीतल्यासारखा होतो. ही जाडी बहुधा २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात साचलेली असते. ती ओळखायची असेल, तर घुमाऱ्याचा ट्रॅक क्षणभर बंद करावा: रचना अचानक मोकळी झाल्यासारखी वाटली, तर दोष पॅडमध्ये नाही, घुमाऱ्यात आहे.

वीस मिनिटांची वाट

आता हे सगळे वेळेवर मांडू. सुरुवातीची पंचेचाळीस सेकंदे शांततेतून फक्त पोत वर येतो आणि त्यामागोमाग खर्ज. दीड मिनिटाच्या आसपास पहिला पंचम, दोन मिनिटांनंतर षड्ज, आणि चौथ्या मिनिटात ऋषभ येतो. गांधार हा या रचनेतला सर्वांत भावपूर्ण स्वर आहे, म्हणून त्याला साडेसहाव्या मिनिटापर्यंत थांबवावे आणि त्याचा ट्रॅक शून्यापासून त्याच्या जागेपर्यंत दोन मिनिटांत वर आणावा. ती जागाही षड्जापेक्षा ८ डेसिबल खालीच असावी. चौदाव्या मिनिटाकडे तो तसाच संथपणे मागे जातो. सोळाव्या मिनिटापासून फिल्टरची वरची मर्यादा १२०० वरून ६०० हर्ट्झच्या दिशेने उतरू लागते आणि रचना जणू दूर सरकते.

फिल्टर उतरवताना एक काळजी घ्यावी. कान कंपनसंख्या पटीत मोजतो: १२०० ते ६०० हे जेवढे अंतर, तेवढेच ६०० ते ३००. ऑटोमेशनची रेषा हर्ट्झमध्ये सरळ काढली, तर उतार शेवटी शेवटी वेगवान भासतो. म्हणून रेषा शेवटाकडे जास्त सपाट होत गेली पाहिजे.

तपासणीच्या वेळी मोठी अडचण असते ती करणाऱ्याच्याच मनाची. तोच आवाज तासन्‌तास ऐकून आपल्याला कंटाळा येतो, रचना स्थिर वाटू लागते आणि आपण बदल वाढवत जातो. म्हणून त्या दिवशी काहीही बदलू नये. दुसऱ्या दिवशी पूर्ण वीस मिनिटे एकदाच, पडद्याकडे न पाहता ऐकावी. घाई असेल, तर फाइल ऑडॅसिटीत उघडून `Spectrogram` दृश्य पाहावे. त्यात उभी रेघ दिसली, तर तेथे कड आहे. आडव्या पट्ट्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच दिसल्या, तर रचना पुढे सरकलेली नाही. याशिवाय दोन्ही कानांचा आवाज एकत्र करून, म्हणजे मोनोमध्ये, एकदा ऐकावे. रुंद वाटणारे पॅड कधीकधी मोनोमध्ये स्वतःलाच खोडून टाकतात, आणि अनेक जण ही रचना फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकणार असतात.

एकूण पातळी −१८ ते −२० एलयूएफएसच्या, म्हणजे कानाला जाणवणारा आवाज मोजण्याच्या एककाच्या, दरम्यान ठेवली तरी पुरे. लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीवरची टोके दाबणारे साधन, लावून ती चढवली, तर फुगणारे-ओसरणारे विस्पंद दाबले जातात आणि इतक्या कष्टाने आणलेली हालचाल हरवते. साडेअठराव्या मिनिटापासून नव्वद सेकंदांचा शेवटचा उतार सुरू करावा आणि त्यात खर्ज सर्वांत आधी काढावा, पोत सर्वांत शेवटी; खर्ज शेवटी तुटला, तर खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटते. उतार संपल्यावर फाइलमध्ये आणखी दहा सेकंदांची निखळ शांतता ठेवूनच २४ बिटच्या वेव्ह स्वरूपात ती बाहेर काढावी, म्हणजे पुढची फाइल लगेच सुरू होऊन डोळे मिटून बसलेल्या माणसाला दचकवणार नाही.